दुसरी गोणी

[दृश्य: गोदाम. गोण्यांच्या दोन थप्प्या.]

या दोन थप्प्या दोन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडून आल्या आहेत. बिलं वेगळी, गाड्याही वेगळ्या. गोण्यांवर छापलेलं उत्पादकाचं नाव मात्र एकच आहे आणि ग्रेडही तीच. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचा हा सगळा दाणा एकाच प्लांटमधून निघालाय. तो प्लांट थांबला तर दोन्ही व्यापारी एकाच आठवड्यात हात वर करतील. खरेदी खात्याच्या यादीत हे दोन पुरवठादार आहेत. आपण एकच धरू.

कधी कधी ही मेख आणखी मागे असते. ३१ मार्च २०१२ रोजी जर्मनीतल्या मार्ल इथे एव्होनिक कंपनीच्या प्लांटमध्ये स्फोट झाला. तिथे सीडीटी नावाचं रसायन तयार व्हायचं. त्यापासून नायलॉन-१२ आणि त्यापासून मोटारींच्या इंधनाच्या नि ब्रेकच्या नळ्या. नळ्या बनवणारे पुष्कळ होते, सीडीटी बनवणारे मोजके. दोन कामगार दगावले, आणि मोटार कंपन्या पर्यायी प्लास्टिक शोधू लागल्या.

म्हणून नव्या पुरवठादाराला दराच्या आधी विचारायचं, की दाणा कुणाच्या प्लांटचा आणि त्या प्लांटला त्याचा कच्चा माल, प्रोपिलीन, कुठून येतं?

[दृश्य: हॉपरमध्ये दाणा ओतला जातो. मशीन सुरू.]

आता चाचणी. बाटलीचं आट्याचं झाकण, व्यास २८ मिलिमीटर. जुन्या आणि नव्या, दोन्ही दाण्यांच्या कागदावर एमएफआय १२ लिहिलंय. म्हणजे २३० अंश सेल्सिअसला, २.१६ किलो वजनाखाली, दहा मिनिटांत १२ ग्रॅम वितळलेला दाणा छिद्रातून बाहेर येतो. तो किती सहज वाहतो एवढंच या आकड्यावरून कळतं. थंड होताना किती आकसेल, ते कळत नाही. ते दाण्यात घातलेल्या न्यूक्लिएटिंग एजंटवर, म्हणजे प्लास्टिक लवकर गोठवणाऱ्या पदार्थावरही अवलंबून असतं, आणि आकडा जुळला म्हणून ग्रेड मंजूर करणाऱ्यांची फसगत इथेच होते.

पहिली फेरी जुन्याच सेटिंगवर काढायची, काहीही न बदलता. झाकणाच्या कडेला पापुद्रा सुटतोय की साचा अर्धवट भरतोय, ते लगेच दिसतं. माप मात्र लगेच घ्यायचं नाही. पॉलिप्रोपिलीन साच्यातून निघाल्यावरही आकसत राहतं.

[दृश्य: व्हर्नियरच्या जबड्यात झाकण.]

हे चोवीस तासांनंतरचं माप. जुना दाणा दीड टक्का आकसायचा, हा १.८ टक्के आकसलाय. फरक ०.३ टक्के, म्हणजे २८ मिलिमीटरवर साधारण ०.०८ मिलिमीटर. हाताला तो जाणवणार नाही. बाटलीवर झाकण फिरवताना लागणारा जोर मात्र बदलतो, आणि भरणीच्या लाईनवर झाकणं तिरकी बसू लागतात. होल्डिंग प्रेशर, म्हणजे साचा भरल्यावर धरून ठेवायचा दाब, नि त्याची वेळ वाढवून यातलं बरंचसं भरून काढता येतं. त्याची सेटिंग शीट वेगळी ठेवायची, जुनीवर खाडाखोड करायची नाही.

एका गोणीवर शिक्का मारणं धोक्याचं. नमुन्याला पुरवठादार निवडक माल पाठवतो, यात नवल नाही. वेगवेगळ्या तीन लॉटचा दाणा मागवायचा आणि रोज वापरता तेवढाच रिग्राइंड, म्हणजे दळून परत वापरायचा माल, नि रंगाचा मास्टरबॅच घालून चालवायचा. निव्वळ कोऱ्या दाण्यावरची चाचणी दिसायला छान असते, बाकी उपयोग नाही.

[दृश्य: फळ्यावरचा हिशोब.]

वाटणी कशी करायची? समजा महिन्याला दहा टन लागतात, आठवड्याला अडीच. नवा पुरवठादार शोधून, तपासून, मंजूर व्हायला आठ आठवडे. सगळा माल एकाकडून घेत असाल तर तेवढ्या काळाचा, म्हणजे वीस टनांचा साठा हवा.

त्याऐवजी वीस टक्के माल नेमाने दुसऱ्याकडून घेतला, तर त्याचा आठवड्याला अर्धा टन चालूच असतो. पहिला बंद पडल्यावर पूर्ण गरज उचलायला त्याला तीन आठवडे लागत असतील, तर दर आठवड्याला दोन टन कमी पडतात. साठा लागतो सहा टनांचा.

निम्मं-निम्मं मात्र करू नका. मोठ्या खरेदीचा दर हातचा जातो, आणि दाणा बदलताना प्रत्येक वेळी मशीनचं बॅरल साफ करण्यात माल नि वेळ वाया जातो. उलट दुसऱ्याचं नाव नुसतं कागदावर ठेवणंही फुकट. टंचाईत पुरवठादार सहसा मागच्या खरेदीच्या प्रमाणात माल वाटतात. वर्षभर काहीच न घेणाऱ्याचं प्रमाण शून्य.

[दृश्य: वेगळ्या खोलीत, सील केलेल्या गोण्या.]

काही माल एकाकडूनच घ्यावा लागतो. औषधाच्या डब्याचा दाणा बदलायचा तर ग्राहकाची नव्याने मंजुरी लागते. तिथे मंजुरीच्या काळाइतका साठा ठेवायचा, तोही दोन वेगळ्या जागी, आणि जुना लॉट आधी वापरायचा.