डिस्क हातात, गेम कुठे?

‘द क्रू’ हा युबिसॉफ्टचा कार-रेसिंगचा गेम डिसेंबर 2014 मध्ये आला. अख्खी अमेरिका नकाशावर, आणि वीसेक तास एकट्याने खेळता येईल अशी कथा. 14 डिसेंबर 2023 रोजी त्याची डिजिटल विक्री थांबली आणि 31 मार्च 2024 ला सर्व्हर कायमचे बंद झाले. त्याबरोबर एकट्याची कथासुद्धा गेली.

आता तुम्ही विचाराल, डिस्कवर गेम होता ना? होता. रस्ते, गाड्या, आवाज सगळं होतं. पण तुमची गाडी कोणती, तुम्ही कुठल्या पातळीवर आहात, हा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर. खेळ सुरू होताना तो आधी सर्व्हरला हाक मारायचा, आणि उत्तर आलं नाही तर पुढे सरकायचाच नाही. पुढे एप्रिलमध्ये तर कित्येकांच्या खात्यातून परवानाच काढून घेतला गेला. म्हणजे गेम पुन्हा डाउनलोड करायचीही सोय उरली नाही.

पैशांचं काय? ज्यांनी अगदी अलीकडे विकत घेतला होता, त्यांनाच परतावा मिळण्याची शक्यता होती. 2014 मध्ये पूर्ण किंमत मोजलेल्याला काही नाही. कॅलिफोर्नियात खटला झाला, तेव्हा कंपनीचं म्हणणं असं की ग्राहकाने गेम नव्हे, वापरण्याचा परवाना घेतला होता. कायद्याच्या भाषेत ते बसत असेलही. दुकानातल्या खोक्यावर मात्र कुणी ‘भाड्याने’ असं छापलं नव्हतं. उलट सोनीने ‘कॉनकॉर्ड’ हा गेम ऑगस्ट 2024 मध्ये आणून दोन आठवड्यांत बंद केला आणि सगळ्यांचे पैसे परत केले. दोन आठवड्यांची विक्री परत करणं झेपतं. नऊ वर्षांची कोण करणार?

‘द क्रू’वरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ‘द क्रू 2’ला ऑफलाइन खेळण्याची सोय मिळाली. यातली मेख नीट बघा. ऑनलाइन कमावलेली प्रगती तुम्ही स्वतः उतरवून ऑफलाइनमध्ये न्यायची असते, आणि ऑफलाइन जे कमवाल ते परत ऑनलाइनमध्ये जात नाही. सर्व्हर चालू आहे तोवरच ही नक्कल काढता येते, म्हणून त्यात आळस परवडत नाही. पहिल्या ‘क्रू’साठी हौशी मंडळींनी 2025 मध्ये स्वतःचा पर्यायी सर्व्हर उभा केला, तोही फक्त पीसीवर, आणि गेमच्या फाइली तुमच्याकडे शिल्लक असतील तर.

तुमच्या आवडत्या गेमचं काय होईल, हे आज रात्री घरीच पाहता येईल. इंटरनेट पूर्ण बंद करा, गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि एकट्याची कथा जिथे सोडली होती तिथून सुरू होते का बघा. सुरू झाली, तर तुमची प्रगती बहुधा तुमच्याच यंत्रावर आहे. पहिल्याच पडद्यावर ‘कनेक्ट होत आहे’ असं फिरत राहिलं, तर गेममधली नवी गाडी किंवा नवा पोशाख विकत घेण्याआधी थोडं थांबा.