आठवत नाही, पण येतं

बसा बसा, मागे अजून खुर्च्या आहेत. माईकचा आवाज येतोय ना? चला मग.

सिनेमात कसं असतं, हिरोच्या डोक्याला मार लागतो आणि तो स्वतःचं नाव, बायको, घरदार सगळं विसरतो, मग दुसरा फटका बसला की सगळं परत. खऱ्या अॅम्नेशियात, म्हणजे स्मरण जाण्याच्या आजारात, जवळपास उलटं असतं. माणसाला नाव माहीत असतं, लहानपण आठवतं, भाषा शाबूत असते, गप्पा मारतो, विनोद करतो, पण तुम्ही खोलीबाहेर जाऊन दहा मिनिटांनी परत आलात की तो तुम्हाला पहिल्यांदाच भेटतोय. जुनं बरंचसं राहतं, नवीन काही टिकत नाही. आता प्रश्न असा की अशा माणसाला काही नवीन शिकवता येतं का? उत्तर हो आहे, पण ते शिकणं जरा विचित्र असतं, आणि आज मला त्या विचित्रपणाबद्दलच बोलायचंय.

आधी तीन शब्द उरकून घेऊ. समजा तुम्ही स्कूटर चालवता. पहिल्यांदा चालवली तेव्हा काका मागे धावत होते आणि तुम्ही कुंपणात घुसलात, हे आठवतं ती एपिसोडिक मेमरी, म्हणजे प्रसंगाची. लाल दिव्याला थांबायचं असतं हे माहीत आहे, पण ते कुठे कधी कळलं ते सांगता येत नाही, ती सिमॅंटिक, ज्ञानाची. आणि स्कूटरचा तोल सांभाळणं, जे तुम्हाला शब्दांत सांगताही येणार नाही, ती प्रोसीजरल. रोजच्या जगण्यात तिन्ही एकत्र चालतात म्हणून वेगळ्या आहेत हे कळतच नाही. कळायला सुरुवात झाली ती एका ऑपरेशनमुळे.

हेन्री मोलेसन नावाचा अमेरिकन तरुण होता, तो जिवंत असेपर्यंत जगाला फक्त एच. एम. म्हणून माहीत होता. फिट्स इतक्या यायच्या की काम करणं अशक्य झालेलं. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, हार्टफर्डला विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला, म्हणजे नवीन आठवणी बनवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा आणि त्याच्या आजूबाजूचा बराच भाग. फिट्स कमी झाल्या, पण नवीन आठवणी बनणं थांबलं, ते २००८ मध्ये तो गेला तोपर्यंत. बुद्धी चांगली होती, तुम्ही सांगितलेला आकडा तो मनात घोळवत राहिला तर सांगू शकायचा, मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं की आकडा गेला, आणि आकडा विचारला होता हेसुद्धा गेलं.

ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ मॉन्ट्रियलहून त्याला तपासायला यायच्या. त्यांनी त्याला एक जुना खेळ दिला: कागदावर चांदणी, तिला दुहेरी रेघ, आणि दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण स्वतःचा हात आणि कागद फक्त आरशात दिसणार. करून बघा घरी, भयंकर वैताग येतो, कोपऱ्यावर आलं की हात भलतीकडेच जातो. हेन्रीने पहिल्या दिवशी दहा वेळा केलं, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही. चुका रोज कमी होत गेल्या, आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशीची सुरुवात पहिल्या दिवसाच्या सुरुवातीपासून नाही, जवळपास शेवटापासून झाली, म्हणजे रात्रभर ते टिकलं होतं. तिसऱ्या दिवशी तो सफाईने करत होता आणि हे आपण आधी कधी केलंय याची त्याला काहीच कल्पना नव्हती. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, असंही तो म्हणाल्याचं सांगतात.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते आणि लोक इथेच थांबतात, की बघा, हात शिकतो, डोकं विसरतं. माझी इथे थोडी कुरकुर आहे, कारण त्यामुळे असं वाटतं की सायकल-स्कूटरसारखी कौशल्यंच शिकता येतात, माहिती नाही. ते तितकं सरळ नाहीये.

कॅलिफोर्नियातला एक पेशंट, संशोधनात त्याला ई. पी. म्हणतात. १९९२ साली, वयाच्या सत्तरीत, हर्पिसच्या व्हायरसने मेंदूला सूज आली आणि दोन्हीकडचा मेडियल टेम्पोरल भाग, म्हणजे टेम्पोरल लोबचा तोच आतला भाग, जवळपास संपला. लॅरी स्क्वायर आणि सहकाऱ्यांनी त्याच्यावर एक साधाच प्रयोग केला, तो २००५ मध्ये छापून आला, आणि मला तो चांदणीपेक्षाही जास्त आवडतो. आठ जोड्या, प्रत्येकीत दोन फुटकळ वस्तू. जोडीतली एक 'बरोबर', एक 'चूक', उचलून खाली बघितलं की कळतं. प्रत्येक जोडी एका बैठकीत पाच वेळा, म्हणजे चाळीस वेळा निवड, आठवड्यातून दोन बैठका. तुम्ही-मी दोन-तीन बैठकांत सगळं पाठ करून मोकळे होऊ. ई. पी. आठवडेच्या आठवडे करत राहिला, दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागायचं की काय करायचंय, सुरुवातीला निव्वळ अंदाज, आणि मग हळूहळू टक्का चढत गेला. छत्तीस बैठकांनंतर तो बहुतेक वेळा बरोबर निवडत होता. कसं निवडतोस विचारलं की सांगता यायचं नाही, हात आपोआप तिकडे जातो अशा अर्थाचं काहीतरी बोलायचा.

मग त्यांनी एकच बदल केला. सोळाही वस्तू एकत्र टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं, बरोबर असायच्या त्या एका बाजूला काढ. माणूस अडला! निवड नुसत्या अंदाजाइतकी. आणि लगेच पुन्हा जोडीने ठेवून विचारलं तर परत बरोबर. वस्तू त्याच, माहिती तीच, पण प्रश्नाचा आकार बदलला आणि माहिती हाती लागेना. निरोगी माणसाला हा बदल जाणवतसुद्धा नाही.

असं का? हिप्पोकॅम्पस आणि शेजारचा भाग एका अनुभवातले तुकडे, काय, कुठे, कोण, कशानंतर काय, एकमेकांना अशा रीतीने जोडतो की कुठल्याही टोकाला धरून ओढलं तरी बाकीचं येतं. तो नसेल तर सवयीचं जे यंत्र आहे, बेसल गॅंग्लिया, ते एकट्याने काम करतं. ते हळू शिकतं, 'समोर हे दिसलं की हे करायचं' एवढंच शिकतं, आणि शिकलेलं फक्त त्याच दिसण्याला बांधलेलं राहतं.

आता माहितीचं बघू. १९८६ च्या सुमारास टोरोंटोत एलिझाबेथ ग्लिस्की आणि डॅनियल शॅक्टर यांनी अॅम्नेशियाच्या पेशंटना कॉम्प्युटरचे शब्द शिकवले. पडद्यावर व्याख्या यायची, खाली रिकाम्या जागा, मग शब्दाचं एक अक्षर, मग दुसरं, शब्द ओळखता येईपर्यंत. पुढच्या वेळी मागच्यापेक्षा एक अक्षर कमी. असं करत करत शेवटी एकही अक्षर न दाखवता शब्द यायचा, आणि काही आठवड्यांनीही बराचसा टिकलेला असायचा. हर्पिसच्याच मेंदूज्वरानंतर स्मरण गेलेल्या एका बाईंना तर याच पद्धतीने डेटा-एंट्रीचं काम शिकवलं, पायरी पायरी तोडून, आणि त्या ते काम ऑफिसात करू लागल्या. पण इथेही तीच गोची. व्याख्या तीच असेपर्यंत उत्तर यायचं, तीच गोष्ट जरा वेगळ्या शब्दांत विचारली की निरोगी लोकांपेक्षा हे पेशंट कितीतरी जास्त अडकायचे.

आणि अजून एक अडचण, जी घरी काळजी घेणाऱ्यांसाठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपली शिकवायची पद्धत काय असते, "आठव बरं, काय म्हणालो होतो मी? विचार कर... नाही, चूक, परत सांग." निरोगी माणसाला चूक आठवते आणि ती चूक होती हेही आठवतं, म्हणून तो ती टाळतो. अॅम्नेशियात चूक हातून घडली की तीच जरा सोपी होऊन बसते आणि 'ती चूक होती' हा प्रसंग मात्र पुसला जातो. पुढच्या वेळी तीच चूक पुन्हा येते, उलट जास्त पटकन.

बॅडली आणि विल्सन यांनी १९९४ मध्ये हे मोजून दाखवलं. इंग्रजी शब्दाची पहिली दोन अक्षरं द्यायची. एका पद्धतीत 'ओळखा बघू' म्हणून दोन-चार अंदाज करायला लावायचे, मग खरा शब्द सांगायचा. दुसऱ्या पद्धतीत अंदाज करूच द्यायचा नाही, अक्षरं सांगितली की लगेच शब्द सांगायचा आणि लिहून घ्यायचा. निरोगी लोकांना फारसा फरक पडला नाही, अॅम्नेशियावाल्यांना मात्र दुसऱ्या पद्धतीने भरपूर फायदा झाला. याला एररलेस लर्निंग म्हणतात, चूक घडूच न देता शिकवणं.

मग शिकलंय की नाही हे ओळखायचं कसं? 'आठवतं का?' असं विचारून नाही, त्याचं उत्तर कायम 'नाही' येणार, आणि बहुतेक तो चिडणार. करायला सांगा, आणि जशा परिस्थितीत शिकवलं तशाच परिस्थितीत. आणि मग मुद्दाम परिस्थिती थोडी बदलून बघा, म्हणजे कुठपर्यंत टिकतंय ते कळेल.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर चित्र चुकीचं राहील. फराने वर्गा-खादेम यांनी १९९७ मध्ये अशा तीन मुलामुलींचं वर्णन केलं ज्यांचा हिप्पोकॅम्पस जन्माच्या वेळी किंवा लहानपणीच निकामी झाला होता. दिवसभरात काय झालं ते त्यांना सांगता येत नाही, ठरवलेली भेट लक्षात राहत नाही, पण ती साध्या शाळेत गेली, वाचायला शिकली, भूगोल-इतिहासाची माहिती बरीचशी ठीक. ई. पी. च्या मानाने हे ज्ञान खूपच लवचीक आहे. त्यांच्यात हिप्पोकॅम्पसच्या शेजारचा भाग शाबूत होता हे एक कारण, फार लहानपणी झालं म्हणून मेंदूने वाट काढली हे दुसरं, यातलं जास्त वजन कशाला द्यायचं यावर मंडळी अजून भांडतात. खुद्द हेन्रीलाही थोडी माहिती मिळाली होती, ऑपरेशननंतर ज्या घरात तो वर्षानुवर्षं राहिला त्याचा आराखडा तो काढू शकायचा. वर्षानुवर्षं, हे लक्षात घ्या.

हं, प्रश्न? बोला काकू. ...सासऱ्यांना अल्झायमरची सुरुवात आहे, नवा मोबाइल शिकवता येईल का.

बघा, अल्झायमर हा वाढत जाणारा आजार आहे, त्यात पुढे बाकीचाही मेंदू जातो, त्यामुळे हेन्रीचं जसंच्या तसं लागू होत नाही. पण सुरुवातीच्या टप्प्यात एखादी गोष्ट शिकवता येते. एकच निवडा, समजा मुलाला फोन लावणं. पहिल्या स्क्रीनवर त्याचा फोटो ठेवा, बाकी सगळं काढून टाका. 'कुठे दाबायचं सांगा' असं विचारू नका, त्यांचं बोट धरून फोटोवर न्या. मग अर्ध्या मिनिटाने, मग एका मिनिटाने, मग दोन, मग चार, असं अंतर वाढवत पुन्हा करून घ्या, चुकले तर लगेच बरोबर दाखवून मागच्या अंतरावर परत या. रोज थोडं, त्याच खुर्चीत, त्याच शब्दांत, आणि शिकवणारं माणूसही शक्यतो एकच. जमलं की फोनचं ऑटो-अपडेट बंद करा, फोटो जागेवरून हलवू नका, कव्हरसुद्धा बदलू नका. आणि फोन फुटलाच तर नवीन चांगला वगैरे बघत बसू नका, तोच मॉडेल शोधा.