तीस मिनिटं तुझी, तीस मिनिटं माझी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलू या भाषेच्या देवाणघेवाणीबद्दल. तुम्ही जर्मन शिकताय, तिकडे कुणी जर्मनभाषक मराठी शिकतोय. दोघं आठवड्यातून एकदा ऑनलाइन भेटता, अर्धा वेळ एका भाषेत, अर्धा दुसऱ्या. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. युरोपात याला टँडेम म्हणतात. टँडेम म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल. नाव चपखल आहे, कारण एकानं पाय मारणं थांबवलं तरी सायकल थोडा वेळ पुढे जातेच, आणि तेवढा वेळ कुणाला काही कळत नाही.

एका जोडीचं नेमकं हेच झालं. मुलगी मराठी, जर्मन बऱ्यापैकी बोलणारी. समोरचे गृहस्थ जर्मन, त्यांचं मराठी अगदी कोवळं. ठरलं होतं एक तास. आधी तीस मिनिटं जर्मन, मग तीस मिनिटं मराठी. गप्पा छान रंगायच्या. चौथ्या आठवड्यात गृहस्थांचा निरोप आला, सध्या काम फार आहे, नंतर बघू. मुलीला कोडं पडलं, भांडण तर नव्हतंच! मग तिनं कॉलच्या चॅटमधल्या वेळा पाहिल्या. पहिला मराठी शब्द पहिल्या आठवड्यात पस्तिसाव्या मिनिटाला लिहिला होता, दुसऱ्यात बेचाळिसाव्या, तिसऱ्यात पन्नासाव्या. म्हणजे तीस मिनिटांची दहा उरली होती. आणि ती दहाही थकलेली, कारण शेवटी दोघांचं लक्ष घड्याळाकडे.

यात लबाडी कुणाचीच नव्हती. दोघांपैकी ज्या भाषेत बोलणं सोपं जातं, तिकडे गप्पा आपोआप उताराला लागतात. इथे उतार जर्मनकडे होता. म्हणून त्यांनी क्रम उलटा केला. जी भाषा कच्ची, ती आधी. पुन्हा सांगते, कच्ची भाषा आधी. तासाची वाटणीही नव्यानं केली. पाच मिनिटं नमस्कार-चमत्कार, पंचवीस मिनिटं मराठी, पंचवीस मिनिटं जर्मन, शेवटची पाच मिनिटं चुका उजळायला. घंटा लावायची ती दोघांनीही, आपापल्या फोनवर. एकानंच लावली तर तो पहारेकरी होतो आणि दुसऱ्याला "झालं हं" म्हणणं त्याला जिवावर येतं. आणि घंटा वाजली की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. ते अर्धं राहिलेलं वाक्य दुसऱ्या भाषेत पुरं करायचं. पुढच्या पंचवीस मिनिटांची सुरुवात त्या वाक्यानंच होते, विषय शोधत बसावं लागत नाही.

मराठीची पंचवीस मिनिटं म्हणजे दोघांनीही मराठीच बोलायचं. आता थोडं विषयांतर होतंय, पण सांगतेच. समोरचा मराठीत अडखळला की आपण लगेच इंग्रजीत शिरतो आणि त्याला सौजन्य म्हणतो! तो बिचारा शब्द शोधत असतो, आपण त्याच्या हातातलं काम काढून घेतो. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा सातावर शब्द येतो.

चुका कशा सांगायच्या? मध्येच तोडायचं नाही, चॅटमध्ये लिहून ठेवायचं. ते गृहस्थ म्हणाले, "मी पुस्तक वाचलो." मुलीनं न थांबवता लिहिलं, "मी पुस्तक वाचलं." शेवटच्या पाच मिनिटांत त्याखाली आणखी दोन वाक्यं जोडली, "मी गोष्ट वाचली, मी लेख वाचला." नियम तिलाही सांगता आला नसता. मातृभाषेचे नियम आपल्याला कुठे तोंडपाठ असतात? पण तीन वाक्यं शेजारी-शेजारी पाहिल्यावर क्रियापद वाचणाऱ्याकडे नाही, वाचलेल्या वस्तूकडे बघतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. तिनं मात्र "गेले" म्हणताना 'हाब' वापरलं, म्हणजे "इश हाब गेगांगन". त्यांनी लिहिलं, "इश बिन गेगांगन." एका बैठकीत अशा पाचच चुका घ्या. वीस घेतल्या तर पुढच्या वेळी माणूस तोंडच उघडत नाही.

पहिल्यांदा भेटताना अर्धाच तास ठेवा, दोन्ही भाषांना पंधरा-पंधरा मिनिटं. प्रत्येकानं तीन प्रश्न लिहून आणायचे. हेडफोन दोघांनीही लावा, नाहीतर स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा.

आणि घड्याळ. जर्मनीत घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आपलं सरकत नाही. उन्हाळ्यात अंतर साडेतीन तासांचं, हिवाळ्यात साडेचार. आपले रात्रीचे आठ म्हणजे तिकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेचार, हिवाळ्यात साडेतीन. रविवारची बैठक असेल तर घोळ नेमका त्याच दिवशी होतो, एकजण तासभर कोऱ्या पडद्यापुढे बसतो. म्हणून निरोपात नुसतं "रविवारी आठला" लिहू नका, दोन्हीकडची वेळ लिहा, आणि कुणाचं घड्याळ धरायचं तेही आधीच ठरवा.