भिंतीपाशी सोडलेली 10 मिलिमीटर जागा

[पुण्यातला एक फ्लॅट. खोलीच्या मधोमध आडवी ठेवलेली खोकी.]

फळ्यांची खोकी न फोडता, आडवी ठेवून, दोन दिवस याच खोलीत राहू दिली आहेत. आत 8 मिलिमीटर जाडीच्या लॅमिनेट फळ्या आहेत. वरून सागवानी दिसतात, पण गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा, एचडीएफचा. हवेतला ओलावा शोषला की हा गाभा फुगतो आणि हवा कोरडी झाली की आकसतो. त्यामुळे ही जमीन खाली चिकटवत नाहीत आणि तिला खिळेही मारत नाहीत. फळ्या एकमेकींत अडकतात आणि सगळी जमीन एकसंध, सुटी पडून राहते.

[लादीवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सरकते.]

जुनी लादी काढलेली नाही. दोन मीटरची पट्टी फिरवून खाली कुठे फट दिसते का, ते कारागीर पाहतो आहे. 3 मिलिमीटरपर्यंत चालते. त्याहून खोल जागा भरून घ्यावी लागते, नाहीतर पाय पडेल तेव्हा फळी तिथे दबते आणि काही महिन्यांत तिचं लॉक तुटतं.

आधी पॉलिथिन अंथरलं जातं. त्याचे पट्टे एकमेकांवर 20 सेंटिमीटर चढवून टेप लावली आहे. त्यावर 2 मिलिमीटरचा फोम येतो. फोमच्या कडा मात्र शेजारी-शेजारीच ठेवायच्या, चढवायच्या नाहीत. पाय मऊ लागावेत म्हणून फोमचे दोन थर घालायचा आग्रह ग्राहक हमखास धरतात, आणि तो मोडून काढावा. जाड फोमवर प्रत्येक सांधा हलत राहतो.

[टेप, पेन्सिल, भिंतीवर लिहिलेले आकडे.]

खोलीची रुंदी 2985 मिलिमीटर. दोन्ही बाजूंना 10-10 सोडले की उरतात 2965. फळी 195 रुंद आहे, म्हणजे 15 ओळी पूर्ण बसतात आणि शेवटी 40 मिलिमीटरची चिंधी उरते. इतकी अरुंद पट्टी नीट अडकत नाही. म्हणून पहिलीच ओळ भिंतीच्या बाजूने कापून 117 ची केली आहे. मध्ये 14 पूर्ण ओळी येतील आणि शेवटची 118 ची होईल. दोन्ही भिंतींपाशी पट्टी जवळपास सारखीच दिसेल.

[भिंत आणि फळी यांच्यात पाचरी. कॅमेरा जवळ.]

या पाचरी बघा. भिंत गुण्यात नसते, म्हणून जागा मोजायची ती भिंत जिथे सर्वांत पुढे आली आहे तिथे. चौकटीपाशी, पाइपाभोवती, उंबऱ्याशीही तेवढीच सोडायची. चौकटीचा पाय तर खालून कापून फळी त्याखाली सरकवतात. मे महिन्यात बसवलेली जमीन जुलैत रुंदावणार, हे ठरलेलं. जागा नसेल तर ती भिंतीला टेकून मध्ये उचलली जाते.

[दुसरी ओळ. फळी तिरकी धरून, दाबून, ‘टक्’.]

लांबीकडे खोली 3250 ची, म्हणजे कामाची 3230. फळी 1215 लांब. पहिल्या ओळीत दोन पूर्ण फळ्या आणि 800 चा तुकडा बसला. उरलेल्या 415 च्या तुकड्याने दुसरी ओळ सुरू होते, कापलेली बाजू भिंतीकडे करून. तिच्या शेवटी 385 लागतात आणि उरतात 830. त्यातून तिसरी ओळ सुरू होते. तिसरीअखेर उरणारा 30 चा तुकडा कचऱ्यात जातो आणि चौथी ओळ पुन्हा पूर्ण फळीने सुरू होते. करवतीच्या पात्यात जातात ते दोन-तीन मिलिमीटर इथे धरलेले नाहीत.

शेजारच्या ओळींतले सांधे कुठेच 300 पेक्षा जवळ आलेले नाहीत. सांधे एका रेषेत आले तर ओळ तिथे बिजागरीसारखी वाकते. 300 पेक्षा आखूड तुकडाही ओळीच्या टोकाला वापरत नाहीत.

फळी तिरकी धरून खाचेत घालायची आणि खाली दाबायची. बसत नसेल तर हातोडी उचलण्याआधी खाचेतला भुसा झटकावा. दहापैकी नऊदा तोच अडलेला असतो. ठोकायचंच झालं तर मध्ये ठोकळा धरून, हलक्या हाताने.

[शेवटची ओळ. लोखंडी आकड्याने ओढून बसवतात. पाचरी निघतात.]

पाचरी आठवणीने काढायच्या. मोकळ्या जागेत सिमेंट किंवा पुट्टी भरायची नाही. ती झाकायला स्कर्टिंग आहे आणि स्कर्टिंगचे खिळे भिंतीत जातात, फळीत नाही. दाराचा स्टॉपरही जमिनीत स्क्रू करू नये. एका स्क्रूने सगळी जमीन तिथे जखडली जाते.

पावसाळ्यात मधला भाग उचलला, पाय ठेवल्यावर खाली जाऊन पुन्हा वर आला, तर स्कर्टिंग काढून फळी कुठे टेकली आहे ते शोधा आणि तेवढी कड कापा. जमीन हळूहळू खाली बसते. पण सांध्यांच्या कडाच फुगून वर आल्या असतील तर तिथे पाणी मुरलं आहे. त्या फळ्या बदलाव्याच लागतात.