फोनवरचे चित्र टीव्हीपर्यंत कोणत्या वाटेने जाते

(कोथरूडमधील एका सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

कर्वेनगरमधल्या एका घरी मी गेल्या दिवाळीनंतर गेलो होतो, आणि आजचे सगळे बोलणे मी त्या घराभोवतीच ठेवणार आहे. घरात काका-काकू दोघेच राहतात, मुलगा परदेशात असतो, आणि दर रविवारी सकाळी त्याच्याशी होणारा व्हिडिओ कॉल फोनच्या एवढ्याशा पडद्यावर न पाहता हॉलमधल्या टीव्हीवर पाहावा, एवढीच त्यांची इच्छा होती. टीव्हीवर चित्र येत होते, परंतु नातू हसून झाल्यावर दोन सेकंदांनी टीव्हीवरचा नातू हसत असे, आणि मधूनच चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटून थिजत असे. काकांनी त्याआधीच इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसवरून ३०० वर नेला होता. त्याने काहीच फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता, कारण फोनवरचे चित्र टीव्हीवर जाताना इंटरनेटवर जातच नाही. ते घरातल्या घरातच हवेतून जाते, आणि चांगल्या प्रतीच्या चित्रालाही साधारण १० एमबीपीएसच्या आसपासच जागा लागते.

यूट्यूबवरचा चित्रपट टीव्हीवर सुरळीत चालतो, मग हेच का अडखळते, असा प्रश्न काकूंनी विचारला, आणि तो अगदी रास्त होता. यूट्यूबच्या खिडकीतले कास्टचे चिन्ह दाबले, की फोन टीव्हीला फक्त कोणता व्हिडिओ लावायचा ते सांगतो; व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो आणि पुढच्या कितीतरी सेकंदांचा साठा करून ठेवतो, त्यामुळे मध्येच हवेत थोडी खळखळ झाली तरी ती पाहणाऱ्याला कळत नाही. मिररिंगमध्ये मात्र फोनचा पडदा जसा बदलेल तसा टिपून, आकसून, तत्क्षणी पाठवायचा असतो. तिथे साठ्याला वाव फार थोडा असतो, म्हणून हवेतली प्रत्येक खोळंबलेली घटका थेट पडद्यावर दिसते.

आता ही वाट दोन प्रकारची असू शकते, आणि दुरुस्ती कोणती करायची हे वाट कोणती यावरच ठरते. पहिली वाट राउटरमधून जाते: फोनकडून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे. गूगल कास्टने पूर्ण पडदा दाखवताना साधारणपणे हीच वाट असते. दुसरी वाट थेट असते, म्हणजे फोन आणि टीव्ही आपसात स्वतःचे छोटे वाय-फाय जाळे उभे करतात आणि राउटर त्यात नसतोच. मिराकास्ट या पद्धतीत असे होते. ती २०१२ साली आली आणि वाय-फाय डायरेक्टवर उभी आहे. निरनिराळ्या कंपन्या फोनमध्ये तिला निरनिराळी नावे देतात, म्हणून नावावर जाऊ नये. मिररिंग चालू असताना राउटरचे बटण सरळ बंद करावे. चित्र तुटले तर वाट राउटरमधून होती, चित्र चालूच राहिले तर ती थेट होती. काकांच्या घरी राउटर बंद केल्यावर चित्र तुटले नाही, उलट ते थांबल्यासारखे वाटणारे धक्के नाहीसे झाले. कॉल अर्थातच तुटला, पण मला हवा असलेला धागा तिथेच सापडला.

अंदाजाने बोलण्यापेक्षा विलंब मोजलेला बरा, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. फोनवर स्टॉपवॉच सुरू करायचे, ते टीव्हीवर दिसू द्यायचे, फोन टीव्हीशेजारी धरायचा आणि दुसऱ्या फोनने दोन्ही पडदे एकाच छायाचित्रात टिपायचे. दोन आकड्यांमधला फरक हा विलंब होय. असे एक छायाचित्र पुरत नाही, दहा तरी घ्यावीत. दहाही वेळा फरक जवळपास सारखाच आला तर तो बहुतेक फोनमधले आकसणे आणि टीव्हीतले चित्रसंस्करण यांचा असतो, आणि तिथे टीव्हीतला गेम मोड लावून पाहावा. फरक उड्या मारत असेल किंवा वाढत जात असेल, तर दोष हवेत आहे. काकांच्या फोनवर पहिल्या छायाचित्रात फरक ०.६ सेकंद होता, चौथ्यात १.४, आणि सातव्यात २.१.

हवेतल्या दोषाचे मूळ त्यांच्या भाच्याने केलेल्या एका सुधारणेत होते. त्याने राउटरच्या दोन पट्ट्यांना, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ यांना, दोन वेगळी नावे दिली होती आणि फोन ५ च्या नावाला जोडून दिला होता. सल्ला एरवी चांगलाच आहे, कारण २.४ च्या पट्टीत एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ अशा जेमतेम तीनच बसतात, आणि आपल्या पुण्यातल्या कोणत्याही इमारतीत शेजारपाजारचे पंधरा-वीस राउटर त्याच तीन वाहिन्यांवर दाटीवाटीने बसलेले असतात. पण काकांच्या टीव्हीवर वाय-फायची यादी उघडली, तेव्हा तिथे २.४ चे नाव दिसत होते आणि ५ चे नाव दिसतच नव्हते. शेजारच्या खोलीत राउटर असताना ते नाव दिसत नाही, याचा अर्थ टीव्हीला ५ ची पट्टी येतच नाही. स्वस्त टीव्हींमध्ये हे अजूनही आढळते.

आता फोनची अवस्था पाहा. कॉल चालतो आहे राउटरकडून, ५ च्या पट्टीतल्या ४४ क्रमांकाच्या वाहिनीवर, आणि टीव्हीशी थेट जोडणी आहे २.४ च्या ६ क्रमांकाच्या वाहिनीवर. काही महागड्या फोनमध्ये दोन्ही पट्ट्या एकाच वेळी चालवण्याची सोय असते. काकांच्या फोनमध्ये ती नव्हती, आणि एकाच रेडिओला दोन घरी आळीपाळीने हजेरी लावावी लागत होती. काही दशक मिलिसेकंद तो ४४ वर थांबतो, मग ६ वर येतो, मग परत जातो. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलत असेल, तर दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंदांचे अंतर असते. म्हणजे रेडिओ ५० मिलिसेकंद दुसरीकडे गेला, की तीन चित्रे दाराशी ताटकळतात. परत आल्यावर ती सोडायला जावे, तर तेवढ्यात शेजाऱ्यांपैकी कोणीतरी ६ ची वाहिनी अडवून बसलेला असतो. रांग वाढते, आणि एका मर्यादेपलीकडे चित्राचे तुकडे टाकून द्यावे लागतात. ते फुटलेले चौकोनी ठोकळे म्हणजे हे टाकून दिलेले तुकडेच.

येथे राउटरचे अंतरही आडून येते, आणि थेट वाट असूनही येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. काकांचा राउटर मुख्य दाराजवळ, फायबर आत येते तिथे टांगलेला, आणि सोफा दोन भिंतींपलीकडे. ५ ची पट्टी भिंतींना लवकर दमते. संकेत क्षीण झाला की फोन आणि राउटर सावकाश वेगाने बोलू लागतात, आणि तेवढ्याच मजकुराला रेडिओचा जास्त वेळ जातो. म्हणजे राउटरकडच्या फेऱ्या लांबतात आणि टीव्हीच्या वाट्याचा वेळ आणखी आटतो.

उपाय मी दोन करून पाहिले. पहिल्यांदा फोन राउटरच्या २.४ च्या नावाला जोडला आणि राउटरची वाहिनी ६ वर पक्की केली. एक रेडिओ असलेले फोन शक्यतो थेट जोडणीही राउटरच्याच वाहिनीवर ठेवतात, त्यामुळे ये-जा थांबली. विलंब ०.४ ते ०.७ सेकंदांत आला, पण गर्दी होतीच, आणि कॉल व टीव्ही एकाच वाहिनीवर आल्याने ती थोडी वाढलीही. दुसऱ्यांदा फोनला घरच्या वाय-फायवरून उतरवले, त्या नावाची आपोआप जोडणी बंद केली, आणि वाय-फायचे बटण मात्र चालूच ठेवले, कारण थेट जोडणीला तेच लागते. कॉल मोबाईल डेटावर गेला आणि वाय-फायचा रेडिओ पूर्णपणे टीव्हीचा झाला. आता दहा छायाचित्रांत फरक ०.२ ते ०.३ सेकंदांवर स्थिर राहिला. तासाभराच्या कॉलला डेटा खर्च होतो, हे खरे. काकांनी तो आनंदाने मान्य केला.

टीव्हीला ५ ची पट्टी येत असेल तर हिशेब उलटतो. तेव्हा फोन राउटरच्या ५ वरच ठेवावा, पण राउटरची वाहिनी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी निवडावी. ५२ ते १४४ या वाहिन्या रडारशी वाटून घेतलेल्या असतात. तिथे राउटरलाही आधी ऐकून मगच बोलावे लागते, आणि फोन सहसा तिथे स्वतःचे थेट जाळे उभारत नाहीत. राउटर १०० वर असला, तर टीव्हीची जोडणी दुसऱ्याच वाहिनीवर जाते आणि तीच ये-जा पुन्हा सुरू होते. राउटरवर वाहिनी स्वयंचलित ठेवली असेल, तर कालपर्यंत नीट चालणारे मिररिंग आज बिघडण्याचे हेही एक कारण असते. काही अँड्रॉइड फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Wireless display certification` हा खटका असतो. तो लावल्यावर कास्टच्या मेनूत `Operating channel` निवडता येतो. मी तो निदानापुरताच वापरतो. वाहिनी हाताने बांधली आणि राउटर दुसरीकडे गेला, तर आपणच आपली अडचण केलेली असते.

राउटरमधून जाणाऱ्या वाटेचे गणित वेगळे आहे, ते थोडक्यात मांडतो. समजा चित्राला १० एमबीपीएस लागतात, फोन आणि राउटर यांच्यात प्रत्यक्ष ४० मिळतात, आणि दूरच्या टीव्हीला त्याच वाहिनीवर १५. एका सेकंदाचे चित्र फोनकडून राउटरकडे जाण्यास पाव सेकंद लागतो आणि राउटरकडून टीव्हीकडे जाण्यास पाऊण सेकंदाला थोडा कमी, म्हणजे ०.६७. हवा एकच असल्याने दोन्ही वेळा मिळवाव्या लागतात: ०.९२. शेजारी, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह यांच्यासाठी जेमतेम ०.०८ उरते, म्हणून काही सेकंदांतच चित्र मागे पडते. टीव्हीला राउटरपासून लॅनची केबल ओढली, की ०.६७ चा भाग हवेतून उठतो आणि पाव सेकंदच उरतो. टीव्हीवरचे लॅनचे तोंड बहुधा १०० एमबीपीएसचेच असते, पण १० साठी ते भरपूर आहे. थेट वाटेत मात्र ही केबल ओढून काहीही साधत नाही, आणि हे न पाहता भिंत फोडलेली घरेही मी पाहिली आहेत.

श्रोत्यांमधून एका ताईंनी विचारले की, कराओके लावताना सूर आणि ओळी जुळत नाहीत, त्यासाठी यातले काय करावे. ताई, हवेची सगळी व्यवस्था लावूनही चित्र टिपण्यात, आकसण्यात आणि पुन्हा उलगडण्यात ०.१ ते ०.२ सेकंद जातातच, आणि गाणाऱ्याला तेवढेही खटकते. तुमच्या फोनच्या टाइप-सी तोंडातून चित्र बाहेर जाण्याची सोय असेल, तर एचडीएमआयची तार लावा. सगळ्या फोनमध्ये ती सोय नसते, म्हणून ॲडॉप्टर विकत घेण्याआधी दुकानातच फोन जोडून पाहा.