बँकेत शिल्लक घटली, मग वाढलं काय?

नमस्कार श्रोतेहो.

नोकरदार घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पैसा येतो आणि जातो, वर्षअखेर हातात काहीच उरत नाही." मी हिशोब तपासण्याचं काम करतो, त्यामुळे असं कुणी म्हणालं की मी विचारतो, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? उत्तर बहुतेक वेळा बचत खात्याच्या शिल्लकेवरून असंच येतं. पण शिल्लक फक्त रोख किती आहे ते सांगते. घराची संपत्ती वाढली की घटली, हे तिच्यावरून कळत नाही. ते कळायला दोन कागद लागतात. आज आपण एका कुटुंबाचं एक वर्ष घेऊन ते दोन्ही कागद तयार करू. आकडे मी सोयीसाठी गोल करून घेतले आहेत, ते सावकाश सांगतो. जवळ पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

पहिला कागद ताळेबंदाचा. त्यावर तारीख एकच असते, आणि त्या दिवशी आपल्या मालकीचं काय आहे आणि आपण कुणाचं देणं लागतो एवढंच त्यात लिहायचं. दुसरा कागद उत्पन्न-खर्च पत्रकाचा. त्यावर "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत" असं लिहिलेलं असतं. 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या इटालियन गणितज्ञांनी दुहेरी नोंदीची पद्धत छापून मांडली, तेव्हा व्यापाऱ्याला त्यांनी पहिली सूचना हीच केली होती की आधी आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी करा. आपणही तिथूनच सुरुवात करू.

घरात नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांची मत्ता अशी आहे. राहतं घर, खरेदीच्या किमतीला, 60 लाख. दोघांचा मिळून भविष्य निर्वाह निधी 9 लाख. गाडी 4 लाख, मुदत ठेव 3 लाख, बचत खात्यात 1 लाख. एकूण 77 लाख. आता देणी. गृहकर्ज 38 लाख बाकी आहे आणि क्रेडिट कार्डावर 40 हजार. म्हणजे देणी 38 लाख 40 हजार. मत्तेतून देणी वजा केली की उरतात 38 लाख 60 हजार. ही त्यांची निव्वळ संपत्ती. हा आकडा कागदावर ठळक लिहून ठेवा, शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता वर्ष सुरू होतं. दोघांचा मिळून ठोक पगार वर्षाला 12 लाख. त्यातून निधीसाठी 72 हजार आणि कर 60 हजार कापून जातो. हातात येतात 10 लाख 68 हजार, म्हणजे महिन्याला 89 हजार. त्यातले 36 हजार गृहकर्जाच्या हप्त्याला जातात, बाकी घरखर्चाला. वर्ष संपतं तेव्हा बचत खात्यात 1 लाखाचे 85 हजार झालेले असतात आणि कार्डाची बाकी 40 हजारांवरून 70 हजारांवर गेलेली असते. एवढंच पाहिलं तर हे कुटुंब मागे गेलं असं कुणीही म्हणेल. रोखीच्या वहीपुरतं ते खरंही आहे.

पत्रक मांडताना मात्र पहिला प्रश्न हप्त्याचा येतो, आणि बहुतेक घरगुती हिशोब इथेच चुकतात. वर्षभरात हप्त्यापोटी 4 लाख 32 हजार गेले, म्हणून तेवढी रक्कम खर्चात धरली जाते. पण हप्त्याच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी असतात. 38 लाखांवर दर साल दर शेकडा 9 दराने पहिल्या महिन्याचं व्याज होतं 28 हजार 500. हप्ता 36 हजारांचा, तेव्हा उरलेले 7 हजार 500 मुद्दलात गेले. दुसऱ्या महिन्यात मुद्दल तेवढ्याने कमी झालेलं असतं, म्हणून व्याज किंचित घटतं आणि मुद्दलाचा वाटा किंचित वाढतो. अशा बारा महिन्यांची बेरीज केली तर व्याज सुमारे 3 लाख 38 हजार आणि मुद्दल सुमारे 94 हजार. व्याज हा खर्च आहे, तो गेला तो गेलाच. मुद्दल फेडणं हा खर्च नाही. बँकेतले 94 हजार कमी झाले तसं देणंही 94 हजारांनी कमी झालं, संपत्ती होती तिथेच राहिली. ही फोड दर महिन्याला हातानं करत बसायची गरज नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या वार्षिक विवरणात दोन्ही आकडे वेगवेगळे छापलेले असतात, ते उतरवून घ्यायचे.

कार्डाचं नेमकं उलट आहे. वस्तू घेतली त्या दिवशी खर्च झाला, पैसे पुढच्या महिन्यात द्या किंवा त्यानंतर. बिल भरणं म्हणजे देणं फेडणं. खरेदी खर्चात लिहिली आणि पुढे भरलेलं बिलही लिहिलं, तर एकच खर्च दोनदा पडतो. आपल्या कुटुंबाच्या बचत खात्यातून घरखर्चापोटी 6 लाख 51 हजार गेले, पण कार्डाची बाकी 30 हजारांनी फुगली आहे. म्हणून खरा घरखर्च 6 लाख 81 हजार.

आता उत्पन्नाची बाजू. हातात आलेला पगार नव्हे, ठोक पगार धरायचा, 12 लाख. मालकाने निधीत आपल्या वतीने भरलेले 72 हजार हेही उत्पन्नच, आपण ते डोळ्यांनी पाहिले नाहीत एवढंच. निधीवर व्याज 77 हजार जमा झालं आणि ठेवीवर 21 हजार, जे ठेवीतच मिळवलं गेलं. बेरीज 13 लाख 70 हजार.

खर्चाची बाजू. कर 60 हजार, गृहकर्जाचं व्याज 3 लाख 38 हजार, घरखर्च 6 लाख 81 हजार, आणि गाडीचा घसारा 60 हजार. गाडी वर्षभर वापरली, तिची किंमत 4 लाखांवरून 3 लाख 40 हजार झाली, तो फरक या वर्षाच्या खर्चात यायलाच हवा. फर्निचर आणि घरातली यंत्रं मी स्वतः मत्तेत धरत नाही, घेतली त्याच वर्षी खर्चात टाकतो. विकायला गेलं तर त्यांचं फारसं काही येत नाही आणि हिशोबाचा व्याप मात्र वाढतो. एकूण खर्च 11 लाख 39 हजार.

13 लाख 70 हजारांतून 11 लाख 39 हजार गेले, वाढावा राहिला 2 लाख 31 हजारांचा.

हा आकडा खरा कशावरून? त्यासाठी वर्षाच्या शेवटच्या दिवशीचा ताळेबंद पुन्हा मांडायचा, आणि पत्रकाकडे न पाहता मांडायचा. पासबुक, ठेवीची पावती, निधीचं विवरण, कर्जाचं विवरण असे कागद समोर घेऊन. घर 60 लाख. निधी 11 लाख 21 हजार. गाडी 3 लाख 40 हजार. ठेव 3 लाख 21 हजार. बचत खाते 85 हजार. मत्ता 78 लाख 67 हजार. देण्यांत गृहकर्ज 37 लाख 6 हजार, कार्ड 70 हजार, एकूण 37 लाख 76 हजार. निव्वळ संपत्ती 40 लाख 91 हजार. आता मघाशी ठळक लिहिलेला आकडा काढा, 38 लाख 60 हजार. दोन्हींतला फरक बरोबर 2 लाख 31 हजार. ताळा जमला.

प्रत्यक्षात तो पहिल्या फटक्यात क्वचितच जमतो. आमच्या घरच्या पहिल्याच ताळेबंदात 60 हजारांचा फरक निघाला होता आणि दोन संध्याकाळी मी वह्या चाळत बसलो होतो. फरकाचं निम्मं करून पाहायचं हे मला आधी सुचायला हवं होतं. निम्मे झाले 30 हजार, आणि 30 हजारांची एक देण्यातली वाढ मी घट म्हणून लिहिली होती. रक्कम चुकीच्या बाजूला गेली की फरक नेहमी तिच्या दुप्पट येतो. दुसरी खूण 9 ची. बचत खात्याचे 85 हजार उतरवताना 58 हजार लिहिले गेले तर फरक 27 हजारांचा पडतो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला 9 ने पूर्ण भाग जातो. या दोन्ही खुणांनी हाती काही लागलं नाही तर मग एखादी नोंदच राहून गेली आहे का ते पाहायचं. घरगुती हिशोबात बहुधा मोडलेली ठेव किंवा कुणाला दिलेली उसनवारी निसटलेली असते. दोन-चार हजारांचा फरक किरकोळ रोख खर्चाचा असतो, तो मी "न लागलेला खर्च" म्हणून लिहून मोकळा होतो.

आता या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचं. 2 लाख 31 हजार वाढले ते कुठे वाढले? निधी 2 लाख 21 हजारांनी वाढला. ठेव 21 हजारांनी. कर्ज 94 हजारांनी उतरलं. दुसऱ्या बाजूला गाडी 60 हजारांनी, बचत खाते 15 हजारांनी घटलं आणि कार्ड 30 हजारांनी चढलं. म्हणजे जी वाढ झाली ती कापून गेलेल्या, ठरलेल्या आणि ठेवीत आपोआप मिळवल्या गेलेल्या पैशांची. जिथे दोघांच्या हातात निर्णय होता, त्या बचत खात्यात आणि कार्डात मिळून ते 45 हजार मागे गेले. "काहीच उरत नाही" हे त्यांचं म्हणणं चूक होतं, पण त्यांना जे खुपत होतं ते खरं होतं.

त्याचा परिणाम मोजता येतो. अडचणीत चटकन हाती येईल असं म्हणजे ठेव आणि बचत खाते, 4 लाख 6 हजार. त्यातून कार्डाचे 70 हजार वजा केले की 3 लाख 36 हजार. महिन्याचा घरखर्च आणि हप्ता मिळून जवळपास 93 हजार. दोन्ही पगार थांबले तर घर साडेतीन महिन्यांच्या थोडं वर चालेल. वर्षाच्या सुरुवातीला हाच हिशोब जवळजवळ चार महिन्यांचा येत होता. 41 लाखांच्या संपत्तीचं हे घर आहे, आणि त्याच्या हाताशी एवढंच आहे.

आणि म्हणूनच घराची किंमत खरेदीचीच ठेवा असा माझा आग्रह असतो. ती आज 75 लाख झाली असं कुणी सांगितलं आणि तुम्ही ती ताळेबंदात चढवली, तर एका रात्रीत 15 लाख वाढतात आणि कार्डाचे ते 30 हजार कुणाच्या डोळ्यांतही येत नाहीत. बाजारभाव लिहायचाच असेल तर कागदाच्या तळाशी वेगळ्या ओळीत लिहा, बेरजेबाहेर.

या कुटुंबाने पुढच्या वर्षाच्या वहीत पहिल्या पानावर 40 लाख 91 हजार लिहिले आहेत, आणि त्याखाली कार्डाचे 70 हजार, लाल शाईने.

नमस्कार.