सकाळचं पेट्रोल, दुपारचं पेट्रोल

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना लागला, जळगाव-भुसावळचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकला की एक सल्ला हमखास कानावर येतो: "भाऊ, पेट्रोल सकाळी सहालाच भरून घ्या. गार असतं, घट्ट असतं, तेवढ्याच पैशात जास्त मिळतं." या सल्ल्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकून आहे.

खरा भाग आधी पाहू. पेट्रोल तापलं की फुगतं. तापमान एक अंशानं वाढलं तर हजार लिटर पेट्रोल साधारण एक ते सव्वा लिटरनं वाढतं. पंपाचं मशीन लिटर मोजतं, वजन नाही. म्हणजे पाच लिटर घेताना पेट्रोल एक अंशानं गरम असेल, तर पाच-सहा मिली कमी पदरात पडतं. सकाळ-दुपारच्या हवेत पंधरा अंशांचा फरक असतो, तेव्हा पंचाहत्तर ते नव्वद मिली वाचतील, असा हिशोब लोक मांडतात. लिटरला १०५ रुपये धरले तर आठ-नऊ रुपये झाले.

पण हा हिशोब हवेच्या तापमानाचा झाला, पेट्रोलच्या नाही. पंपावरची टाकी जमिनीखाली असते आणि तिच्यावर मीटरभर माती-वाळू असते. दिवसाचं ऊन अर्धा मीटर खाली जाईपर्यंतच विरतं. त्यात टाकीत हजारो लिटर पेट्रोल, ते तासा-दोन तासांत तापत नाही की निवत नाही. सकाळी सहाला ३३ अंश असलेलं पेट्रोल, त्यात नवा माल पडला नाही तर, दुपारी दोनलाही जवळपास तेवढंच असतं.

मग टाकीतलं तापमान कधी बदलतं? टँकर खाली झाला की. समजा, पानेवाडीच्या डेपोतून निघालेला टँकर मनमाड-मालेगाव करत भर उन्हात धुळ्याकडच्या पंपावर पोहोचला. त्यातलं १२,००० लिटर पेट्रोल ३९ अंशांचं, आणि पंपाच्या टाकीत शिल्लक ६,००० लिटर ३३ अंशांचं. दोन्ही मिसळलं की ३७ अंश. हे पेट्रोल रात्रभरात निवत नाही, कारण भोवतालची मातीही उन्हाळ्यात ऊबच धरून असते. टँकर संध्याकाळी आला असेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे रांग लावणाऱ्याला मिळतं ते आदल्या दुपारपेक्षा चार अंशांनी गरम! पाच लिटरमागे वीस-पंचवीस मिली, म्हणजे दोन-अडीच रुपये त्याचेच कमी.

दुपारी नुकसान होण्याची एकच खरी जागा आहे: नोझलचा काळा रबरी पाईप. मोजणारं मीटर मशीनच्या आत असतं आणि त्यापुढच्या चार मीटर पाईपात पाऊण ते एक लिटर पेट्रोल कायम भरलेलं राहतं. आडवळणाच्या पंपावर, शेडची सावली सरकलेली, तासभर गिऱ्हाईक नाही, तर हे लिटरभर चांगलंच तापतं. पंधरा अंशांनी तापलं तरी फरक पंधरा-वीस मिलीचा, आणि तोही पहिल्याच गिऱ्हाइकाला. मागून जमिनीखालचं पेट्रोल आलं की संपलं.

याच्या तोलात मशीनची सूट बघा. पाच लिटरमागे पंचवीस मिलीपर्यंतचा फरक कायद्यानं चालतो. शिवाय लिटरला पन्नास देणारी मोटारसायकल केवळ सकाळ साधायला चार किलोमीटरचा हेलपाटा मारते, तेव्हा ऐंशी मिली त्या हेलपाट्यातच जळतात.

मापाची शंका आली तर घड्याळाकडे बघून काही होत नाही. पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं, ते मागा. आधी माप पेट्रोलनं ओलं करून निथळून घ्यायला सांगा, कोरड्या मापाला चिकटलेलं पेट्रोल हिशोब बिघडवतं. मग सपाट जागेवर ठेवून भरून बघा.

घनता तपासणाऱ्यांची मात्र तापमान विसरल्यामुळे फसगत होते. फलकावर ७४१ लिहिलेलं असतं, हायड्रोमीटर ७२६ दाखवतो, आणि "भेसळ, भेसळ" म्हणून आरडाओरडा सुरू. फलकावरचा आकडा १५ अंशांचा असतो, तुमच्या जारमधलं पेट्रोल ३३ अंशांचं. थर्मामीटर त्याच जारमध्ये बुडवा, पंपावरच्या तक्त्यात ७२६ आणि ३३ यांच्यासमोरचा आकडा बघा, तो ७४१ च्या आसपासच निघेल. तीनपेक्षा जास्त फरक आला, तर मात्र तक्रारवही मागायची.

आणि उन्हाळ्यात टाकी गळ्यापर्यंत भरू नका. जमिनीखालून आलेलं दहा लिटर पेट्रोल उन्हात उभ्या गाडीत दहा अंशांनी तापलं की शंभर मिलीहून जास्त फुगतं. त्याला वर जागा नसेल, तर ते झाकणाच्या कडेनं बाहेर येतं.